सीमेच्या उदाहरणात मॉड किंवा बॉक्स आला की उत्तर चुकते: डावी आणि उजवी बाजू तपासण्याचा क्रम

नागपुरात अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतील मुलांना गणित शिकवताना एक बिघाड माझ्यासमोर दर वर्षी येतो. सीमेचे साधे उदाहरण बिनचूक सोडवणारा विद्यार्थी त्याच उदाहरणात केवल मूल्याच्या उभ्या रेघा किंवा महत्तम पूर्णांकाचा चौकोनी कंस आला की अडखळतो. या दोन्हींना वर्गात मॉड आणि बॉक्स म्हणतात, म्हणून येथेही तेच शब्द वापरते. x चे केवल मूल्य |x| असे लिहितात. x पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक [x] असा लिहितात.

लक्षणे

पहिले लक्षण असे की उत्तर म्हणून एक संख्या लिहिलेली असते, पण सीमा मुळात अस्तित्वातच नसते. |x−3|/(x−3) ची x→3 असताना सीमा 1 लिहिलेली वही मी अनेकदा पाहिली आहे. अंश आणि छेद सारखे दिसतात, म्हणून ते छाटले जातात आणि डाव्या बाजूला तीच राशी −1 आहे हे लक्षातच येत नाही.

दुसरे लक्षण शून्याच्या डावीकडे किंवा ऋण पूर्णांकांजवळ दिसते. तेथे बॉक्सची किंमत नेमकी 1 ने जास्त धरली जाते.

तिसरे लक्षण चांगल्या विद्यार्थ्यांत जास्त आढळते. sin x / x ची सीमा 1 आहे हे त्यांना इतके पाठ असते की [sin x / x] ची x→0 असतानाची सीमाही ते 1 लिहितात. ती 0 आहे.

चौथे लक्षण याच्या उलट आहे. दोन-तीन वेळा फसल्यावर विद्यार्थी बॉक्स दिसताच "सीमा अस्तित्वात नाही" असे लिहून मोकळा होतो आणि उत्तरसूचीत मात्र व्यवस्थित संख्या छापलेली असते.

ही चारही लक्षणे वरवर वेगळी दिसली तरी मूळ एकच आहे: मॉड किंवा बॉक्स उघडण्याआधीच सीमा घेतली गेली. मात्र मॉड आणि बॉक्स यांचा दोष सारखा नाही. मॉड हे सर्वत्र सतत असलेले फल आहे, म्हणून आतल्या राशीची सीमा अस्तित्वात असेल तर ती मॉडच्या आत नेण्यास कधीच हरकत नसते. मॉड त्रास देतो तो बहुधा शून्याकडे जाणाऱ्या छेदाशी त्याची गाठ पडते तेव्हा. बॉक्स मात्र प्रत्येक पूर्णांकावर तुटतो. आतल्या राशीची सीमा पूर्णांक नसेल, तरच ती निर्धास्तपणे बॉक्सच्या आत नेता येते. पूर्णांक असेल, तर ती राशी त्या पूर्णांकाच्या वरून आली की खालून आली हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तपासणी 1: प्रश्न नीट वाचला आहे का?

ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही. चौकोनी कंस नेहमीच बॉक्स नसतो. साध्या गोल कंसाबाहेरचा दुसरा कंस म्हणूनही तो वापरला जातो. महत्तम पूर्णांकासाठी हा चौकोनी कंस 1808 मध्ये गाउसने वापरला आणि आपल्याकडील प्रश्नपत्रिकांत तोच रूढ आहे. खालच्या टोकाला पाय असलेले ⌊x⌋ हे चिन्ह 1962 मध्ये केनेथ आयव्हरसन यांनी आणले. दोन्हींचा अर्थ एकच आहे, पण पहिल्या चिन्हात गल्लत होऊ शकते, म्हणून प्रश्नाच्या शेवटी "[·] हे महत्तम पूर्णांक फल आहे" असे वाक्य आहे का ते आधी पाहावे.

त्यानंतर बाणाच्या पुढची संख्या पाहावी. तिच्या डोक्यावर बारीक उणे असेल, म्हणजे x→2⁻ असेल, तर फक्त डावी सीमा विचारली आहे. उजवीकडे काय घडते याच्याशी त्या प्रश्नाचा संबंध नाही. x→−2 आणि x→2⁻ यांत गोंधळ झालेल्या उत्तरपत्रिकाही मी तपासल्या आहेत.

तपासणी 2: हा बिंदू खरोखर धोक्याचा आहे का?

मॉडच्या आतील राशी त्या बिंदूवर शून्य होते का आणि बॉक्सच्या आतील राशी पूर्णांक होते का, एवढेच येथे विचारायचे. दोन्हींचे उत्तर नाही असे असेल आणि आतील राशी त्या बिंदूवर सतत असेल, तर डावी-उजवी बाजू करण्याची गरज नाही. x→2.5 असताना [x] ची सीमा 2 आहे, कारण 2.4 आणि 2.6 यांच्यामध्ये बॉक्स हलतच नाही. x→1 असताना |x−3| ऐवजी सरळ 3−x लिहावे, कारण 1 च्या आसपास x−3 सतत ऋणच आहे.

ही तपासणी वेळ वाचवते, आणि सीईटीसारख्या परीक्षेत वेळेचे मोल निराळे सांगायला नको. पण माझ्या मते तिचा खरा उपयोग दुसराच आहे. धोक्याचे बिंदू आधी ओळखण्याची सवय लागली की एका उदाहरणात दोन बॉक्स आणि एक मॉड असले तरी त्यांपैकी नेमका कोणता भाग बिघडतो ते कळते. तेवढ्याच भागाची दोन रूपे करायची आणि उरलेला भाग नेहमीसारखा हाताळायचा.

तपासणी 3: मॉड योग्य चिन्हाने उघडला आहे का?

नियम साधा आहे: आतील राशी धन असेल तर मॉड तसाच काढून टाकावा, ऋण असेल तर संपूर्ण आतील राशीला उणे चिन्ह द्यावे. चूक होते ती "संपूर्ण" या शब्दाजवळ. |x−3| उणे चिन्हाने उघडला की 3−x मिळते. घाईत −x−3 लिहिले जाते आणि मग पुढे काहीच छाटले जात नाही.

याहून खोल रुतलेली एक सवय आहे: डावीकडे उणे आणि उजवीकडे अधिक. |x−3| साठी ते खरे आहे, पण चिन्ह x च्या बाजूने ठरत नसून आतील राशीने ठरते. हे उदाहरण पाहा:

lim (x→2) |x² − 5x + 6| / (x − 2)

आतील राशीचे अवयव (x−2)(x−3) आहेत. x हा 2 पेक्षा किंचित कमी असेल तर दोन्ही अवयव ऋण, म्हणून गुणाकार धन. म्हणजे डावीकडे मॉड अधिक चिन्हानेच उघडतो, राशी x−3 उरते आणि डावी सीमा −1 येते. उजवीकडे पहिला अवयव धन आणि दुसरा ऋण, म्हणून मॉड उणे चिन्हाने उघडतो, राशी −(x−3) उरते आणि उजवी सीमा 1 येते. दोन्ही बाजू जुळत नाहीत, म्हणून सीमा नाही. येथे सवयीने चिन्ह लावणाऱ्याला डावीकडे 1 आणि उजवीकडे −1 मिळते, "अस्तित्वात नाही" हा शेवटही जुळतो आणि चूक दडून राहते. मग पुढच्या प्रश्नात फक्त डावी सीमा विचारली की ती उघडी पडते.

काही वेळा मॉड दिसतच नाही. √(x²) म्हणजे x नव्हे, |x|. त्यामुळे √(1 − cos 2x) / x या उदाहरणात 1 − cos 2x च्या जागी 2 sin²x लिहून वर्गमूळ काढले की √2 |sin x| मिळते. शून्याच्या उजवीकडे सीमा √2 आणि डावीकडे −√2. वर्गमूळाखाली पूर्ण वर्ग आला की मॉड आला आहे असे समजूनच पुढे जावे.

तपासणी 4: बॉक्समधून योग्य पूर्णांक काढला आहे का?

यासाठी x = a + h आणि x = a − h अशी मांडणी मला सर्वांत सुरक्षित वाटते. h हा नेहमी धन आणि शून्याकडे जाणारा असतो. ही मांडणी करताना राशीतील प्रत्येक x बदलायचा असतो. बॉक्समधील x बदलून छेदातील x तसाच ठेवला तर दोन्ही बाजूंची सरमिसळ होते.

[2+h] = 2 आणि [2−h] = 1 हे कोणालाही जमते. गडबड होते ती [−h] आणि [−2−h] येथे. पहिल्याचे उत्तर −1 आणि दुसऱ्याचे −3. बॉक्स दशांशाचा भाग छाटत नाही. तो संख्यारेषेवर नेहमी डावीकडे, म्हणजे खाली, सरकतो. सीताबर्डीवरच्या एखाद्या इमारतीत तळमजल्याच्या फरशीच्या जराशा खाली गेले तरी आपण तळघरात पोहोचतो, लिफ्ट मग 0 दाखवत नाही, −1 दाखवते, −0.1 चेही तसेच आहे. उलट [−2+h] मात्र −2 च येतो, कारण −1.9 च्या खालचा सर्वांत जवळचा पूर्णांक −2 आहे.

येथेच चौथ्या लक्षणावरही उपाय सापडतो. बॉक्स तुटतो म्हणून संपूर्ण राशी तुटलीच पाहिजे असे नाही. x→2 असताना [x] + [−x] पाहा. उजवीकडे [2+h] + [−2−h] म्हणजे 2 − 3 = −1. डावीकडे [2−h] + [−2+h] म्हणजे 1 − 2 = −1. दोन्ही बॉक्स तुटले, पण एक जेवढा चढला तेवढाच दुसरा उतरला आणि सीमा −1 मिळाली. नेमक्या x = 2 वर या राशीची किंमत 0 आहे, पण सीमेला त्याच्याशी देणेघेणे नाही. तसेच (x−2)[x] ची x→2 असतानाची सीमा 0 आहे, कारण बॉक्स 1 वरून 2 वर उडी घेतो खरा, पण शून्याकडे जाणारा अवयव ती उडी गिळून टाकतो. म्हणून "अस्तित्वात नाही" हा निकाल दोन्ही बाजूंच्या संख्या कागदावर लिहिल्यानंतरच द्यावा.

तपासणी 5: बॉक्सच्या आतील राशी कोणत्या बाजूने येते?

माझ्या अनुभवात सर्वाधिक गुण येथे जातात, म्हणून ही तपासणी सावकाश करावी. काटोलहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "मॅडम, x डावीकडून आला की बॉक्समधून एक कमी करायचा ना?"

"x कुठून येतो ते राहू दे," मी म्हटले, "बॉक्सच्या आत जे बसले आहे ते कुठून येते ते आधी सांग."

तिचा नियम फक्त [x] साठी खरा होता. आत दुसरे फल असेल तर x ची बाजू आणि आतील राशीची बाजू या दोन वेगळ्या गोष्टी होतात. [3−x] ची x→1 असतानाची सीमा पाहा. x डावीकडून, म्हणजे 0.9, 0.99 असा आला तर 3−x हा 2.1, 2.01 असा वरून येतो आणि बॉक्स 2 देतो. x उजवीकडून आला तर 3−x खालून येतो आणि बॉक्स 1 देतो. आतील राशी उतरती असल्याने बाजू उलटली.

याच्या पुढची अवस्था अशी की x दोन्हींकडून आला तरी आतील राशी एकाच बाजूने येते. x→0 असताना cos x ची सीमा 1 आहे, पण शून्याजवळ तो दोन्हींकडून 1 च्या खालूनच येतो. म्हणून [cos x] ची डावी सीमाही 0 आणि उजवी सीमाही 0, म्हणजे सीमा 0. sin x / x चेही तसेच: शून्याजवळ, पण शून्य सोडून, |sin x| हा |x| पेक्षा कमी असतो, म्हणून भागाकार 1 च्या खाली राहतो आणि बॉक्स 0 देतो. उलट tan x / x हा दोन्हींकडून 1 च्या वर असतो, म्हणून [tan x / x] ची सीमा 1 आहे. याच कारणाने [100 sin x / x] ची सीमा 99 येते, 100 नव्हे.

म्हणून मी वहीत प्रत्येक बॉक्ससाठी दोन ओळी लिहायला लावते. पहिल्या ओळीत आतील राशी कोणत्या संख्येकडे जाते ते लिहायचे. ती संख्या पूर्णांक असेल तर दुसऱ्या ओळीत ती राशी त्या पूर्णांकाच्या वर आहे, खाली आहे की नेमकी त्याच्याइतकी आहे, ते कारणासह लिहायचे. कारण असमानतेतून येऊ शकते, जसे sin x / x साठी आले. किंवा राशी चढती आहे की उतरती यावरून, जसे 3−x साठी. किंवा पूर्ण वर्ग करून. x² − 2x ची x→1 असताना सीमा −1 आहे. ती (x−1)² − 1 अशी लिहिली की राशी −1 च्या खाली कधीच जात नाही हे दिसते, म्हणून बॉक्स दोन्हींकडून −1 देतो. "कारणासह" हे दोन शब्द गाळले तर ती ओळ अंदाजाने भरली जाते.

एक संपूर्ण उदाहरण

2019 च्या जेईई मेनमध्ये हे उदाहरण आले होते:

lim (x→0) [ tan(π sin²x) + (|x| − sin(x[x]))² ] / x²

पहिल्या तपासणीतच थांबावे लागते, कारण यात दोन प्रकारचे चौकोनी कंस आहेत. बाहेरचा मोठा कंस फक्त अंश एकत्र ठेवतो. बॉक्स फक्त आतला [x] आहे. दुसऱ्या तपासणीत दिसते की शून्यावर मॉडही धोक्याचा आहे आणि बॉक्सही, पण tan(π sin²x) या पदात दोन्ही नाहीत. म्हणून ते पद वेगळे काढावे. शून्याजवळ tan(π sin²x) आणि π sin²x यांचे गुणोत्तर 1 कडे जाते, तसेच sin²x आणि x² यांचेही, म्हणून tan(π sin²x)/x² ची सीमा π आहे. ती दोन्हींकडून तीच आहे. तिची रूपे करण्यात वेळ घालवू नये.

आता उरलेले (|x| − sin(x[x]))² / x². उजवीकडे |x| = x आणि [x] = 0, म्हणून x[x] = 0 आणि sin 0 = 0. राशी x²/x², म्हणजे 1. उजवी सीमा π + 1.

डावीकडे |x| = −x आणि [x] = −1, म्हणून x[x] = −x आणि sin(−x) = −sin x. कंसातील राशी −x + sin x होते. तिला x ने भागले की −1 + sin x / x मिळते, जे 0 कडे जाते, आणि त्याचा वर्गही 0 कडेच जातो. डावी सीमा π.

π आणि π + 1 वेगळे असल्याने सीमा अस्तित्वात नाही, हेच उत्तर आहे. येथे हमखास घडणारी चूक म्हणजे डावीकडेही [x] = 0 धरणे. तसे केले की दोन्ही बाजू π + 1 येतात, पर्यायांत ते उत्तर दिसते आणि विद्यार्थी समाधानाने पुढे जातो.

तपासणी 6: आकडे टाकून पाहणे

घरी सराव करताना, परीक्षेत नव्हे, ही तपासणी करता येते. a च्या दोन्ही बाजूंना जवळची एकेक संख्या टाकून आपले उत्तर जुळते का ते पाहावे. पायथनमध्ये वरच्या उदाहरणासाठी एवढे पुरते:

```python
from math import floor, sin, tan, pi

def f(x):
    return (tan(pi*sin(x)**2)
            + (abs(x) - sin(x*floor(x)))**2) / x**2

print(f(0.01), f(-0.01))
```

पहिली संख्या 4.1415 च्या जवळ आणि दुसरी 3.1415 च्या जवळ येते, म्हणजे π + 1 आणि π.

यात तीन खाचखळगे आहेत. पायथनमध्ये `floor` च वापरावे, `int` वापरू नये; `int(-0.01)` हे दशांश छाटून 0 देते आणि तीच जुनी चूक यंत्राकडून करवून घेतली जाते. स्प्रेडशीटमध्ये मात्र `INT(-0.01)` हे −1 देते आणि छाटणी करते ते `TRUNC`, त्यामुळे नावावर विसंबू नये. दुसरे म्हणजे कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे का ते पाहावे, कारण अंशांवर sin x / x 1 कडे जातच नाही. तिसरा खाचखळगा फसवा आहे: संख्या जास्त जवळची घेऊ नये. sin x / x मध्ये x = 0.01 टाकले तर सुमारे 0.99998 मिळते आणि बॉक्स 0 देतो. पण x = 0.000000001 टाकले तर खरी किंमत 1 पेक्षा इतकी कमी फरकाने खाली असते की संगणकाच्या अंकांत तो फरक मावत नाही, भागाकार नेमका 1 येतो आणि बॉक्सही 1 देतो. म्हणजे अधिक जवळ गेल्याने उत्तर चुकले. आकड्यांनी संशय घ्यावा, पण निर्णय पाचव्या तपासणीतील कारणानेच करावा.

कुठे थांबावे आणि शिक्षकांकडे जावे

या सर्व तपासण्या एका गृहीतावर उभ्या आहेत: बिंदूच्या एका बाजूला पुरेसे जवळ गेले की बॉक्सची किंमत एकाच पूर्णांकावर स्थिर होते. जेथे ती स्थिर होत नाही, तेथे डावी-उजवी बाजू करून काहीही हाती लागत नाही आणि तेथे हट्टाने पुढे जाऊ नये. याची खूण सोपी आहे. एका बाजूला दोन-तीन जवळच्या संख्या टाकाव्यात. बॉक्सची किंमत प्रत्येक वेळी बदलत राहिली तर थांबावे.

[1/x] हे याचे नेहमीचे उदाहरण. x शून्याच्या उजवीकडून जवळ येतो तसतसा 1/x वाढतच जातो आणि वाटेत अगणित पूर्णांक ओलांडतो. त्यामुळे x[1/x] मध्ये बॉक्स उघडून एक संख्या लिहिताच येत नाही. तेथे 1/x − 1 < [1/x] ≤ 1/x ही असमानता वापरून राशी दोन बाजूंनी दाबावी लागते. धन x ने गुणले की 1 − x < x[1/x] ≤ 1 मिळते आणि उजवी सीमा 1 येते. 2018 च्या जेईई मेनमधील x([1/x] + [2/x] + … + [15/x]) हे x→0⁺ चे उदाहरण याच रीतीने सुटते आणि उत्तर 1 ते 15 ची बेरीज, म्हणजे 120 येते. ही रीत वर्गात शिकवली गेली नसेल, तर ती पुस्तकातील सोडवलेल्या उत्तरावरून उचलण्यापेक्षा शिक्षकांसमोर बसून एकदा समजून घ्यावी, कारण x ऋण असताना असमानतेची दिशा उलटते आणि तेथे एकट्याने शिकणारा हमखास घसरतो.

दुसरे ठिकाण [x sin(1/x)] सारखे. आतील राशी 0 कडे जाते, पण जाताना वरखाली हेलकावे खात जाते. कधी किंचित धन असते तेव्हा बॉक्स 0 देतो, कधी किंचित ऋण असते तेव्हा −1. केवळ उजवीकडून आले तरी हे दोन्ही आकडे शेवटपर्यंत येत राहतात, म्हणून उजवी सीमाच नाही आणि डावीही नाही. येथे "दोन्ही बाजू जुळत नाहीत" हे कारण लिहिणे चूक आहे, कारण जुळवायला बाजूंची किंमतच नाही. लेखी उत्तराचे योग्य कारण कसे मांडायचे ते शिक्षकांना विचारावे.

आणि सहाही तपासण्या करून, आकडे टाकूनही तुमचे उत्तर टिकले, पण उत्तरसूचीशी जुळत नसेल, तर तिसऱ्यांदा तेच गणित करू नये. डावीकडचा मॉड, डावीकडचा बॉक्स, उजवीकडचा मॉड, उजवीकडचा बॉक्स, प्रत्येक बॉक्सच्या आतील राशीची बाजू आणि तिचे कारण, एवढे एका कागदावर वेगवेगळ्या ओळींत लिहून शिक्षकांना दाखवावे. चूक तुमची असेल तर ती यांपैकी एकाच ओळीत सापडते, आणि छापील उत्तर चुकीचे असेल तर तेही याच कागदावरून पाच मिनिटांत ठरते.